कमी उजेडाच्या फ्लॅटसाठी पोस्टमाला: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

घरात ठेवायच्या झाडांच्या गेल्या वर्षीच्या सगळ्या विक्रीच्या पोस्ट पुन्हा वाचून काढल्या. 'लो लाइट', 'इनडायरेक्ट लाइट', 'आठवड्यातून दोनदा पाणी' हे तीन शब्दप्रयोग जवळजवळ प्रत्येक पोस्टमध्ये आहेत आणि तिन्ही निरुपयोगी आहेत. 'लो लाइट' म्हणजे किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. 'आठवड्यातून दोनदा' हे तर सरळ नुकसान करणारं आहे. बदलून द्यायला परत आलेल्या कुंड्यांची वही पाहिली, तर बहुतेक नोंदींसमोर एकच शेरा आहे: माती ओली, बुंधा मऊ. अंधाराने झाड मरायला महिने लागतात. अंधारात नेहमीएवढं पाणी घातलं, की ते पाच-सहा आठवड्यांत जातं.

म्हणून यंदाच्या मालेचं सूत्र असं ठरलं: प्रत्येक पोस्टमध्ये फ्लॅटमधली एकच जागा, त्या जागेला चालणारं एकच झाड, पाण्याची एकच सूचना आणि किंमत. ज्या जागेत झाड टिकणार नाही, तिथे ते विकायचं नाही, आणि हेही पोस्टमध्येच लिहायचं.

७ जून

हडपसरच्या एका टूबीएचकेत सकाळी साडेअकरा वाजता उजेड मोजला. पाचवा मजला, हॉलला उत्तरेची स्लायडिंग खिडकी, बाहेर बॉक्स ग्रिल, समोर वीस-बावीस फुटांवर दुसरी बिल्डिंग. आभाळ अर्धं ढगाळ होतं.

ग्रिलमध्ये ९००० लक्स. काचेच्या आत, कट्ट्यावर २६००. मच्छरजाळी ओढली तर तिथेच १८००. खिडकीपासून एक मीटर आत ६००, दोन मीटरवर २२०. आणि खिडकीच्याच भिंतीला लागून, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात फक्त ७०.

शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'खिडकीजवळच ठेवलंय' असं सांगणाऱ्यांची कुंडी बऱ्याचदा याच कोपऱ्यात असते. अंतर दोन फूट, पण तिथून खिडकीबाहेरचं आकाश अजिबात दिसत नाही, भिंत आडवी येते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, कारण बाहुली मोठी होऊन डोळा जुळवून घेतो. पानाकडे अशी सोय नाही.

मोजताना घ्यायची काळजी: अँड्रॉइड फोनचा उजेड मोजणारा सेन्सर पुढच्या बाजूला, सेल्फी कॅमेऱ्याच्या आसपास असतो. त्यामुळे फोनचा पडदा खिडकीकडे करून, पानाच्या उंचीवर धरायचा. तोच फोन पडदा छताकडे करून धरला, तर आकडा निम्म्याहून खाली येतो. आयफोनवरची ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात, त्यामुळे दोन फोनांचे आकडे जुळत नाहीत. गिऱ्हाइकाकडून लक्सचा आकडा मागवण्यावर माला उभी करता येणार नाही. दुसरा उपाय हवा.

११ जून

उपाय सापडला, आणि तो फुकटचा आहे. कुंडी जिथे ठेवायची, तिथे फोन ठेवायचा आणि खिडकीकडे तोंड करून फोटो काढायचा. म्हणजे झाडाला तिथून काय दिसतं, त्याचा फोटो. लोक नेहमी उलटा फोटो पाठवतात, खोलीतून कोपऱ्याचा. त्यात सोफा छान दिसतो, उजेडाचं काही कळत नाही. फोटो किती उजळ आलाय यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण कॅमेरा अंधारातलाही फोटो उजळवून देतो. पाहायचं एवढंच, की त्या चौकटीत आकाशाचा तुकडा आहे का आणि केवढा आहे.

सात जागांचे फोटो आणि लक्सचे आकडे शेजारी ठेवून ताडून पाहिले. खिडकीचा अर्धा भाग आकाशाने भरलेला असेल, तिथे ६०० च्या वर. आकाशाची फक्त पट्टी दिसत असेल, तिथे १५० ते ४००. नुसती समोरची भिंत दिसत असेल तर १५० च्या आत. भिंत पांढरी असेल तर थोडं वर सरकतं. खिडकीच दिसत नसेल तर १०० च्या खाली.

पहिल्या पोस्टचा मजकूर पक्का केला:

'झाड मागवण्याआधी एक फोटो पाठवा. कुंडी जिथे ठेवणार, तिथे फोन ठेवा, खिडकीकडे वळवा आणि फोटो काढा. सकाळी अकरा ते दुपारी दोन, खोलीतले दिवे बंद. फोटोत आकाश किती दिसतं, ते पाहून कोणतं झाड चालेल ते सांगू. काहीच चालणार नसेल तर तेही सांगू.'

'दिवे बंद' हे तीनदा तपासून घातलंय. ट्यूबलाइट चालू असली तर फोटो तर फसवतोच, शिवाय माणूसही त्याच उजेडावर भिस्त ठेवतो.

१८ जून

झाडांची यादी छोटी केली. आकाशाची पट्टी दिसणाऱ्या जागेला झीझी आणि स्नेक प्लांट. त्याहून बऱ्या उजेडात मनी प्लांट, हिरव्या पानांची ॲग्लोनिमा आणि पीस लिली. अरेका पाम या मालेतून काढून टाकली. खपते खूप, पण दोन-अडीचशे लक्समध्ये तिची पानं टोकाकडून करपत जातात आणि वर्षभरात झुडपातल्या निम्म्या काड्या मरतात. ज्याची बाल्कनी उजेडाची आहे, त्याला ती वेगळी विकता येईल.

मनी प्लांटबद्दल पोस्टमध्ये एक वाक्य लिहायचंच: उजेड कमी असला की पांढरे-पिवळे ठिपके कमी होतात आणि दोन पानांमधलं अंतर वाढतं. हे खताने सुधारत नाही. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून अंधारात झाड हिरवी पानं काढतं. ते त्याचं जगण्याचं गणित आहे, आजार नाही.

पीस लिलीच्या फोटोवरून चर्चा झाली. फुलांसकटचा फोटो जास्त विकतो, हे खरं. पण बाजारातल्या फुललेल्या पीस लिलीला बहुधा जिबरेलिक ॲसिड फवारून फुलं आणलेली असतात. ती फुलं गेली, की कमी उजेडात पुढची फुलं क्वचितच येतात. शेवटी फोटो फुलांसकटच ठेवला, पण खाली लिहिलं: 'ही फुलं महिनाभर टिकतील. पुढे फुलं हवी असतील तर कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावी लागेल. आत ठेवली तर हे पानांचं झाड आहे असं समजून घ्या.'

२४ जून

कडियमहून आलेला माल सोडवला. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या त्या पट्ट्यातून येणाऱ्या रोपांची मुळं चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. ट्रकच्या प्रवासात रोप हलू नये म्हणून तो गोळा चांगला. पण घरात, कमी उजेडात, तो आतून आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि एकदा पूर्ण वाळला की विटेसारखा होऊन पाणी बाजूने खाली सोडून देतो. तेव्हा या मालेतलं कोणतंही रोप गोळ्यासकट विकायचं नाही.

पद्धत: गोळा बादलीत पाऊण तास बुडवायचा, बोटांनी माती सैल करून धुवायची, मुळं फडक्यावर तासभर सावलीत ठेवायची, मग भरायचं. झीझी आणि स्नेक प्लांटसाठी मिश्रण कोकोपीट दोन भाग, जाड परलाइट दोन भाग, गांडूळखत एक भाग. परलाइट महाग पडतं, तिथे विटांचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात, फक्त चाळून धूळ काढायची. तळाशी खडे घालायचे नाहीत. पाणी बारीक मिश्रणातून मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वर थांबतं, आणि ओला पट्टा उलट मुळांजवळ सरकतो. हे पोस्टमध्ये चित्र काढून दाखवायचं, कारण 'तळाशी खडे' हा सल्ला घराघरात पाठ आहे.

भरलेली रोपं तीन आठवडे शेडनेटच्या आतल्या, सर्वांत अंधाऱ्या ओळीत ठेवायची. उघड्या उजेडात तयार झालेली पानं एकदम अंधारात गेली, की झाड खालची पानं टाकतं. जे टाकायचं ते इथेच टाकू दे. तरीही घरी गेल्यावर पहिल्या महिन्यात खालची दोन-तीन पानं पिवळी पडतील. हे डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर आधीच लिहायचं, म्हणजे घाबरून पाणी वाढवलं जाणार नाही.

१ जुलै

वजनाची चाचणी सुरू. पाच इंची प्लास्टिक कुंडीतले तीन स्नेक प्लांट, सारखे, सारख्याच मिश्रणात. पाणी घालून, निथळून प्रत्येकाचं वजन ९३० ग्रॅम. याच मिश्रणाची कुंडी आतपर्यंत कोरडी झाली की ६०० ग्रॅमच्या आसपास येते, हे आधी एक कुंडी वाळवून पाहिलंय. म्हणजे प्यायचं पाणी ३३० मिलि. पहिली कुंडी खिडकीपासून एक मीटरवर, दुसरी अडीच मीटरवर, तिसरी टीव्हीच्या कोपऱ्यात.

९ जुलै

आठ दिवसांत तिन्ही कुंड्यांचा वरचा थर फिकट आणि कोरडा. बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत ओल लागत नाही. कोणीही आज पाणी घातलं असतं. काट्यावर मात्र मधली कुंडी ८५० ग्रॅम आहे. म्हणजे ३३० पैकी फक्त ८० मिलि गेलं, तीन चतुर्थांश पाणी खाली तसंच आहे.

हीच आपल्या मालेतली सगळ्यात कामाची गोष्ट. कोकोपीट वरून पटकन वाळतं आणि रंग बदलतं, आत मात्र पाणी धरून बसतं. 'वरची माती कोरडी झाली की पाणी' हा नियम उन्हातल्या कुंडीला ठीक आहे, कारण तिथे झाड खालूनही पाणी ओढत असतं. कमी उजेडात ते ओढतच नाही. आजच्या कुंडीचा फोटो काट्यासकट काढून ठेवला: वर कोरडं कोकोपीट, खाली काट्यावर ८५०.

२७ जुलै

पहिली कुंडी २० तारखेला ६०० वर आली, तिला पाणी दिलं. मधली आज ६७०, तिला अजून आठवडाभर नको. कोपऱ्यातली ७२० वर आहे. पहिलीचं रोज साधारण १७ ग्रॅम जायचं, मधलीचं १०, कोपऱ्यातलीचं ८. महिनाभर पाऊस, हवा दमट, खिडक्या बंद. मार्चमध्ये पंख्याखाली हे आकडे नक्की वाढतील. म्हणूनच पोस्टमध्ये दिवस लिहायचे नाहीत, वजन लिहायचं.

तिसऱ्या पोस्टचा मजकूर:

'प्रत्येक कुंडीवर आम्ही एक आकडा लिहून देतो. ६०० लिहिलं असेल तर कुंडी ६०० ग्रॅमला आल्यावरच पाणी. स्वयंपाकघरातला काटा किंवा बॅग मोजायचा हुकाचा काटा चालेल. तेव्हा मोरीत नेऊन तळाच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर घाला, वीस मिनिटं निथळू द्या, मग जागेवर ठेवा. मधेमधे अर्धा पेला घालू नका.'

आकडा ऑइल पेंटच्या मार्करने, कुंडीच्या मागच्या बाजूला. स्टिकर लावून पाहिले, दोन पाण्यांत सुटतात. झाड वाढलं की आकडाही थोडा वाढतो, म्हणून वर्षाने नवा आकडा विचारायला सांगायचं.

६ ऑगस्ट

एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज, फोटोसकट. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, दोन पानं आडवी पडलेली.

'दादा, पानं आपोआप पडतायत. खत कमी पडलं का?'

'काकू, पाणी कसं घालता?'

'फार नाही हो. एक दिवसाआड, अर्धा पेला.'

'कुंडी सिरॅमिकच्या आत ठेवलीये का? आतली बाहेर काढून बघा, खाली पाणी आहे का.'

पाऊण लिटरच्या वर निघालं. हिशोब असा: अर्धा पेला म्हणजे १०० मिलि. दीड महिन्यात बावीस-तेवीस वेळा, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास. सहा इंची कुंडी त्या जागेत रोज फार तर १५ ग्रॅम टाकते, दीड महिन्यात पाऊण लिटरच्या आत. उरलेलं दीड लिटर कुठे जाणार? काही कोकोपीटमध्ये, बाकीचं बाहेरच्या भोक नसलेल्या सिरॅमिकमध्ये. मुळांना हवाच मिळाली नाही.

अर्धा पेला हा शब्दच फसवा आहे. तो कमी वाटतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो.

काकूंना पाठवलेले टप्पे, हेच चौथ्या पोस्टमध्ये वापरायचे. झाड उपटा. आडवी पडलेली पानं बुडाशी मऊ आणि पाणचट असतील, कुजका वास येईल, ती टाकून द्या. मातीखालचा जाड कंद दाबून पाहा. कडक आणि आतून पांढरट भाग ठेवा, तपकिरी मऊ भाग स्वच्छ सुरीने, कडक भाग लागेपर्यंत कापा. कापलेलं दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवा, काप सुकू द्या. मग कोरड्या नव्या मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

पोस्टमध्ये हेही लिहायचं, की पडलेल्या पानाचा वरचा निरोगी भाग कापून लावला तर मूळ धरतो, पण पिवळ्या काठाच्या जातीत त्यातून येणारं नवं रोप नुसतं हिरवं येतं. पिवळा काठ टिकवायचा असेल तर कंदाचा तुकडाच लावावा लागतो. हे आधी सांगितलं नाही, तर सहा महिन्यांनी 'दुसरंच झाड आलं' अशी तक्रार होते.

सिरॅमिकची बाहेरची कुंडी विकायची, पण तळाला उलटी बशी ठेवून. आतली कुंडी दीड इंच वर राहते आणि चुकून पडलेलं पाणी मुळांना लागत नाही.

१७ ऑगस्ट

'२४ तास ऑक्सिजन' आणि 'हवा शुद्ध करणारं झाड' हे दोन्ही दावे सर्व पोस्टमधून आणि कॅटलॉगमधून काढले. हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचा उगम नासाच्या १९८९ च्या बंदिस्त पेटीतल्या प्रयोगात आहे. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. खोलीतली हवा खिडक्या-दारांतून बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील, असा त्यात हिशोब आहे. दावा ठेवून विक्री वाढतही असेल, पण खोटं सांगून झाड द्यायचं नाही.

त्या जागी उपयोगाची ओळ घातली: झीझी, मनी प्लांट, ॲग्लोनिमा, पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो, तसाच यांचा चीक खाजतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी हाताला लागणार नाही अशी ठेवा. स्नेक प्लांट त्या कुळातला नाही, पण मांजराने चावला तर त्यानेही उलट्या होतात.

२८ ऑगस्ट

आकाश न दिसणाऱ्या जागांचे फोटो बरेच आले: पॅसेज, डक्टकडे उघडणाऱ्या खोल्या, टीव्हीचा कोपरा. यांना दोनच उत्तरं, झाड नको किंवा बल्ब लावा. बल्बची चाचणी केली. साधा पांढरा ९ वॅटचा एलईडी, पानांच्या टोकापासून ३० सेंमी वर धरला तर १२०० लक्स, ६० सेंमीवर ३००. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. छतावरचा दिवा झाडाला का पुरत नाही, ते या दोन आकड्यांत दिसतं.

रोज बारा तास, टायमर सॉकेट लावून. ९ वॅट गुणिले १२ तास म्हणजे दिवसाला १०८ वॅट-तास, महिन्याला सव्वातीन युनिट. जांभळ्या उजेडाचे महाग दिवे या कामाला लागत नाहीत आणि घरात बघवतही नाहीत. पोस्टमध्ये झीझी, बल्ब, क्लिपचा होल्डर आणि टायमर असा एकत्र संच ठेवला. बल्बखाली गेलेली कुंडी पाणी जास्त ओढते, म्हणून संचाबरोबर 'वजन दर चार दिवसांनी बघा' अशी चिठ्ठी.

९ सप्टेंबर

जूनमध्ये मोजलेली जागा डिसेंबरात तशीच राहणार नाही, हे मालेत आलं नव्हतं. पुण्यात साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही तेव्हा ऊन लागू शकतं. डिसेंबरात तो दक्षिणेला, दुपारी क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची चौकट २.१ मीटर उंच असेल आणि वर छज्जा नसेल, तर ऊन जमिनीवर जवळपास १.९ मीटर आत येतं. जुलैत सावलीत सुखाने असलेली ॲग्लोनिमा तिथे जानेवारीत भाजून निघते, पानावर कोरडे, कागदासारखे डाग पडतात.

आठवणीची पोस्ट वर्षातून दोनदा टाकायची, १५ नोव्हेंबर आणि १५ मे. मजकूर एका ओळीचा: 'कुंडीच्या जागेवरून पुन्हा एकदा फोटो काढून पाठवा.' जुना फोटो गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये असतोच, त्याच्याशेजारी नवा ठेवून जागा बदलायची की नाही ते सांगायचं. दक्षिणेकडच्या खिडक्यांची यादी आजच वेगळी काढली, एकवीस घरं आहेत. नोव्हेंबरात पहिला मेसेज त्यांना.